फोटोतलं तिकीट, सावकाश

बसा. गाडी उद्याची आहे, आज घाई नाही. मुलाने पाठवलेला तिकिटाचा फोटो उघडा आणि लगेच मोठा करू नका. आधी आख्खा फोटो नुसता बघा. वर एक दहा आकडी क्रमांक, त्याखाली गाडीचा नंबर आणि नाव, मग दोन स्टेशनं, तारीख, वर्ग, आणि खाली प्रवाशांची नावं. उरलेला मजकूर बारीक अक्षरात असतो आणि तो कोणीच वाचत नाही.

रांझीतल्या मराठी घरांत असे फोटो सारखे येतात. व्हेईकल फॅक्टरी, खमरिया, जीसीएफ यांच्या नोकऱ्यांनी माणसं इथे आणली, इथेच ती निवृत्त झाली; मुलं मात्र पुण्या-मुंबईला, काही त्याहून लांब. तिकीट तिकडे निघतं आणि प्रवास इथून सुरू होतो. ज्याने काढलं त्याला ते वाचायची गरज पडत नाही, आणि ज्यांना वाचायचं आहे त्यांनी ते काढलेलं नसतं. मध्ये असतो तो फक्त हा फोटो.

आता तो मोठा करा. गाडी 12321, हावडा–मुंबई मेल. JBP ते CSMT. ही अक्षरं आहेत तशीच राहू द्या. त्यांचा अर्थ लावायचा नसतो, ती जुळवून बघायची असतात. JBP म्हणजे जबलपूरचं मुख्य स्टेशन. MML दिसलं तर ते मदनमहल, आणि ADTL म्हणजे अधारताल. तिन्ही एकाच शहरात आहेत, पण गाडी ज्या स्टेशनावर थांबते तिथेच तुम्हाला उभं राहायचं आहे. कोणी प्रेमाने त्या जागी नुसतं ‘जबलपूर’ लिहून दिलं तर नेमकी हीच खूण पुसली जाते.

दहा आकडी PNR चंही तेच. तो एकदा बोट ठेवून मोठ्याने वाचा. कागदावर उतरवा, कारण फोटोतली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. फोटो ज्या क्षणी काढला त्या क्षणापाशी तो थांबलेला असतो. त्यात वेटिंग दिसत असेल तर ते त्या दिवशीचं वेटिंग. आज काय स्थिती आहे हे फोटो कितीही मोठा केला तरी कळत नाही. ते 139 ला फोन लावून, हाच क्रमांक सांगून कळतं.

वेटिंगपाशी थोडं थांबू. मेल हावड्याहून येते. जबलपूर वाटेतलं स्टेशन, म्हणून इथल्या तिकिटावर RLWL दिसू शकतं. GNWL ची रांग बहुधा गाडी जिथून सुटते तिथल्या प्रवाशांची. RLWL ची रांग वेगळी, आणि तिच्या वाट्याला जागा कमी. म्हणून RLWL 6 हा आकडा GNWL 20 पेक्षा लहान दिसला तरी तो आधी सुटेलच असं नाही. गाडी सुटण्याच्या काही तास आधी चार्ट लागतो. ऑनलाइन काढलेलं तिकीट तोवर पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत जातात. मग सामान बांधून स्टेशन गाठण्यात अर्थ नाही. RAC असेल तर मात्र जायचं. त्यात गाडीत चढता येतं, फक्त एका साइड लोअरवर दोघांनी बसून सुरुवात करायची. बर्थ नंतर मिळालाच तर मिळाला.

आपल्या फोटोत CNF आहे. चांगलं आहे. त्याच्या पुढे बघा: B2, 28, LB. दुसऱ्या नावापुढे B2, 31, SL. काही तिकिटांवर तिथे बर्थचं पूर्ण नाव छापतात, काहींवर नुसती दोन अक्षरं. आणि इथेच घराघरांत घोळ होतो. “एसीचे पैसे भरले आणि यांना स्लीपर दिलं!” म्हणत आजी मुलाला फोन लावतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. वर्गाच्या रकान्यात SL असेल तर स्लीपर. बर्थच्या रकान्यात SL असेल तर साइड लोअर. रेल्वेने दोन्हींना तीच अक्षरं दिली आहेत आणि मला तरी हा निव्वळ हलगर्जीपणा वाटतो. तेव्हा नजर वर न्या. वर्गाच्या जागी 3A आहे? मग डबा थर्ड एसीचाच. B ने सुरू होणारा डबाही तेच सांगतो. स्लीपरचे डबे S ने सुरू होतात.

शंका राहिली असेल तर आकड्यावरून ताळा करता येतो. थर्ड एसी आणि स्लीपरमध्ये आठ बर्थांचा एक कप्पा. 1 आणि 4 खालचे, 2 आणि 5 मधले, 3 आणि 6 वरचे, 7 साइड लोअर, 8 साइड अप्पर. पुढे हाच क्रम. आता 31 ला आठने भागा: बाकी 7. साइड लोअर. 28 ला भागा: बाकी 4, म्हणजे खालचाच. दोघंही एकाच कप्प्यात, आणि गुडघे दुखणाऱ्या दोघांनाही शिडी चढायची नाही. हे फोटोत कुठेही लिहिलेलं नाही, पण त्या दोन आकड्यांत आहे. सेकंड एसीला हा हिशोब लावू नका; तिथे मधला बर्थ नसतो आणि कप्पा सहाचा होतो.

आता मोबाइल खाली ठेवा आणि घरातल्या सामानाकडे बघा. कारण पुढची गोष्ट ठळक अक्षरात तिकिटावर नसते.

फॅक्टरीतून निवृत्त झालेल्यांच्या घरी बहुधा एक लोखंडी पेटी असते. ती भरली की चौतीस किलो धरा. नातवंडांसाठी तांदळाचं पोतं, तीस किलो. दोन बॅगा, सोळा-सोळा किलोच्या. एकूण 96. थर्ड एसीत एका प्रवाशाला 40 किलो फुकट नेता येतं, म्हणजे दोघांचे 80. स्लीपरमध्येही फुकट तेवढंच, 40. इथवर दोन्ही वर्ग सारखे.

फरक पुढे आहे. स्लीपरचा प्रवासी जास्तीचं सामान बुक करून, पैसे भरून, एकूण 80 किलोपर्यंत सोबत नेऊ शकतो. थर्ड एसीची वरची मर्यादासुद्धा 40 च. म्हणजे भाडं जास्त भरलं आणि डब्यात न्यायची सोय निम्मी झाली. ऐकायला विचित्र वाटतं, पण नियम तसाच आहे. स्लीपरने गेलात तर 16 किलोचे पैसे भरून सगळं सोबत येईल. थर्ड एसीत 16 किलो डब्याबाहेर गेलेच पाहिजेत.

आणि पेटी? तिचं माप घ्या, टेप असेलच घरात. बाकी वर्गांत 100 × 60 × 25 सेंटीमीटरपर्यंतची पेटी सोबत चालते. थर्ड एसीत आणि चेअर कारमध्ये ही मर्यादा 55 × 45 × 22.5 आहे. फॅक्टरीवाल्यांची पेटी त्यात क्वचितच बसते. मग वजन काहीही असो, तिची जागा ब्रेकव्हॅनमध्ये. त्यासाठी गाडी सुटायच्या निदान अर्धा तास आधी ती तिकिटासकट लगेज ऑफिसात न्यावी लागते. आमच्यासारख्यांनी तासभर आधीच तिथे पोचावं. पेटी तिथे गेली की उरतं 62 किलो, आणि सगळा हिशोब मोकळा होतो. न बुक करता जास्तीचं नेलं आणि पकडलं गेलं, तर दर साध्या दराच्या सहापट लागतो.

एक गोष्ट राहिली. हा फोटो ऑनलाइन तिकिटाचा असेल तर मोबाइलवरचं तिकीट किंवा मेसेज आणि सोबत अस्सल ओळखपत्र, एवढं टीसीला पुरतं. पण कोणी खिडकीवर रांग लावून छापील तिकीट काढलं असेल, तर त्याचा फोटो म्हणजे तिकीट नव्हे. तो कागदच सोबत लागतो. मूळ तिकीट मुंबईत मुलाच्या खिशात आणि फोटो रांझीत, असं झालं तर तो प्रवास विनातिकीटच धरला जातो.

विमानाचा फोटो असेल तर तोही असाच बघा. JLR म्हणजे डुमना विमानतळ, BOM म्हणजे मुंबई. रेल्वेचा JBP आणि विमानाचा JLR एकाच शहराचे, म्हणून एक दुसऱ्याच्या जागी लिहू नका. इथे PNR सहा अक्षरांचा असतो. बोर्डिंग पासवर सामानाची मर्यादा शोधू नका. त्याच्या आधी आलेलं ई-तिकीट उघडा. तिथे 15K किंवा 2PC असं काहीतरी दिसेल. 15K म्हणजे एकूण पंधरा किलो. 2PC म्हणजे दोन नग. अमेरिकेच्या साध्या तिकिटावर बहुधा प्रत्येकी 23 किलोचे.

आता कल्पना करा, मुलीने मुंबई–अमेरिका एक तिकीट काढलं आणि जबलपूर–मुंबई नंतर वेगळं. PNR दोन आहेत का, एवढंच बघा. दोन असतील तर डुमन्याच्या काउंटरला अमेरिकेचं तिकीट माहीतच नाही; त्याच्या लेखी तुमचे पंधरा किलो, आणि तुम्ही तेवीस-तेवीसच्या दोन बॅगा उचलून आणलेल्या. माणशी एकतीस किलोचे जादा पैसे तिथल्या तिथे. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असता तर बहुधा लांबच्या प्रवासाची मर्यादा इथूनच लागू झाली असती. म्हणून हा प्रश्न बॅगा भरायच्या आधी विचारायचा, आणि जमलं तर तिकीट काढायच्याही आधी.

बोर्डिंग पासचा फोटो घरच्या माणसाला पाठवा, स्टेटसला मात्र लावू नका. त्यावरच्या चौकोनी बारकोडमध्ये नाव आणि PNR दोन्ही भरलेले असतात. छापील अक्षरं झाकली तरी ते वाचता येतात. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी असा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, आणि एका जाणकाराने त्यावरून त्यांच्या पासपोर्टचा क्रमांक शोधून काढला. सुदैवाने तो भला माणूस निघाला, त्याने ते सरकारला कळवलं.

आता मुलाला फोन करायची गरज उरली नसेल. पण फोटो शेजारच्या काकूंना पुढे पाठवणार असाल, तर खाली एवढं टाइप करा:

“गाडी 12321, चढायचं JBP ला. डबा B2, बर्थ 28 आणि 31, दोन्ही खालचे. 3A म्हणजे थर्ड एसी, मागचं SL म्हणजे साइड लोअर. दोघांचं मिळून 80 किलो, त्यावर एक किलोही डब्यात नाही. पेटी लगेज ऑफिसात, एक तास आधी. ओळखपत्र अस्सल घ्या. निघण्यापूर्वी 139 ला PNR सांगून डबा-बर्थ पुन्हा विचारा.”