ओरडतो कोण, आवाज की रक्त?

समास सोडवताना आपण पहिल्यांदा विचारतो, यातले प्रधान पद कोणते? ‘राजवाडा’ म्हटले की वाडा प्रधान, ‘यथाशक्ति’मध्ये पहिले पद प्रधान, आणि ‘नीलकंठ’मध्ये दोन्ही पदे मागे सरून तिसराच कोणी, म्हणजे शंकर, पुढे येतो. संस्कृत व्याकरणाने हा प्रश्न इतका नीट मांडून ठेवला की तो सगळ्याच भाषांत असाच सुटत असेल, असे आपण गृहीत धरतो. हिब्रूत तो असा सुटत नाही. तिथे रचनेने प्रधान असलेले नाम आणि अर्थाने प्रधान असलेले नाम एकमेकांपासून वेगळी होऊ शकतात.

आधी रचना पाहू. मराठीत ‘राजाचे घर’ म्हणताना बदलतो तो राजा. त्याचे सामान्यरूप होते, त्याला प्रत्यय लागतो आणि तो प्रत्यय घराचे लिंग-वचन धारण करतो. हिब्रूत नेमके उलटे आहे. घर आधी येते आणि बदलतेही तेच : ‘बायित’चे ‘बेत’ होते. राजा, म्हणजे ‘मेलेख’, जसाच्या तसा राहतो : ‘बेत मेलेख’. अशी तीन-चार नामेही एकापाठोपाठ जोडता येतात. शेवटचे नाम निश्चित असले की सगळी साखळी निश्चित होते, आणि ‘माझा’, ‘तुझा’ दाखवणारा प्रत्ययही शेवटच्याच नामाला लागतो. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत ‘हर कोद्शी’ असा शब्दप्रयोग आहे. अक्षरशः तो ‘माझ्या पावित्र्याचा डोंगर’ होईल, पण अर्थ आहे ‘माझा पवित्र डोंगर’. प्रत्यय पावित्र्याला चिकटला असला तरी मालकी डोंगराची आहे.

या रचनेला नाव देतानाच दोन परंपरांची वाट फुटली. मध्ययुगातले ज्यू व्याकरणकार अरबी व्याकरणाच्या सावलीत वाढले होते. अकराव्या शतकातला स्पेनमधला योना इब्न जनाह त्यांतला एक. हिब्रू परंपरेने या जोडीला ‘स्मिखूत’, म्हणजे टेकणे, असे नाव दिले. पहिले नाम टेकलेले, दुसरे त्याला आधार देणारे. युरोपातल्या लॅटिन शिकलेल्या पंडितांनी तीच जोडी उलट बाजूने पाहिली. त्यांच्या लेखी पहिले नाम शासन करणारे आणि दुसरे शासित. एकच शब्द एका परंपरेत परावलंबी ठरतो, तर दुसरीत राज्यकर्ता. मला वाटते, दोन्हींना अर्धे अर्धे सत्य दिसले होते. वाक्याची बांधणी बहुधा पहिल्या नामावर उभी असते, पण त्याला रूप आणि निश्चितता दुसऱ्याकडून मिळते. अर्थाचे वजन मात्र या दोन्ही नावांनी ठरत नाही.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातला काइन आणि हाबेल यांचा प्रसंग पाहू. भावाचा खून झाल्यावर देव काइनला जे म्हणतो, त्यात ‘कोल दमे आखिखा त्सोअकीम’ हे शब्द येतात. ‘कोल’ म्हणजे आवाज, पुल्लिंगी एकवचन. ‘दमे’ हे ‘दम’ म्हणजे रक्त या शब्दाच्या अनेकवचनाचे जोडरूप. ‘आखिखा’ म्हणजे तुझा भाऊ. आणि ‘त्सोअकीम’ म्हणजे ओरडणारे, पण अनेकवचनी! आवाज एक आहे, म्हणजे ओरडणारा तो नव्हे. ओरडतात ती रक्ते. साखळीच्या तोंडाशी आवाज असूनही क्रियेने दुसऱ्या नामाशी नाते जोडले आहे.

जुन्या भाषांतरकारांना हे झेपले नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सुरू झालेल्या ग्रीक भाषांतरात आणि पुढे जेरोमच्या लॅटिनमध्ये आवाजच एकवचनात ओरडतो. ज्यू परंपरेने मात्र ते अनेकवचन सोडले नाही. ‘मिश्ना’च्या सन्हेद्रिन प्रकरणात, देहदंडाच्या खटल्यातल्या साक्षीदारांना ताकीद देताना, ‘दमे’ या अनेकवचनाचाच आधार घेतला आहे : हे रक्त एकट्या हाबेलचे नाही, त्याच्या पोटी जन्मू शकले असते त्या साऱ्या पिढ्यांचेही आहे. रक्ताचे अनेकवचन गाळले असते, तर हा अर्थ उमटलाच नसता.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत विल्हेल्म गेझेनियसने हिब्रू व्याकरण लिहिले. 1813 साली निघालेल्या त्या ग्रंथाच्या पुढे वाढवलेल्या आवृत्त्यांत हा विचार नियमाच्या रूपात आला : दुसऱ्या नामात मुख्य कल्पना असेल, तर क्रिया कधीकधी त्याच्याशी जुळते. हन्नाच्या गीतातल्या ‘केशेत गिब्बोरीम खत्तीम’चे उदाहरण तसेच आहे. धनुष्य स्त्रीलिंगी एकवचनी आहे, तर मोडणारे पुल्लिंगी अनेकवचनी, म्हणजे मोडले ते वीर. काइनच्या वाक्याचा आणखी एक उलगडा याच परंपरेत आहे. वाक्याच्या आरंभीचा ‘कोल’ हा जवळजवळ ‘ऐक!’ असा उद्गार मानायचा, म्हणजे ‘ऐक, तुझ्या भावाचे रक्त ओरडते आहे’. दोन्ही वाटा शेवटी रक्तापाशीच पोहोचतात.

म्हणून साखळीच्या आत डोके खुपसून बसण्यापेक्षा साखळीबाहेरचा शब्द पाहावा. क्रियापद किंवा विशेषण कोणत्या नामाचे लिंग-वचन घेते? एस्तेरच्या आठव्या अध्यायात मर्दखयच्या डोक्यावर ‘अतेरेत जाहाव गदोला’ आहे. ‘गदोला’, म्हणजे मोठी, हे स्त्रीलिंगी विशेषण सोन्याच्या शेजारी असले तरी ते मुकुटाचे आहे, कारण हिब्रूत मुकुट स्त्रीलिंगी आणि सोने पुल्लिंगी. शेजार पाहून अर्थ लावणारा इथे हमखास फसतो.

पण या कसोटीलाही मर्यादा आहे. एदेन बागेत आदाम आणि हव्वा यांना देवाचा ‘कोल’ ऐकू आला, तिथे ‘फिरणारा’ हे विशेषण पुल्लिंगी एकवचनी आहे. आवाजही तसाच, देवही तसाच. फिरत कोण होते, हे व्याकरण सांगू शकत नाही. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीजने आवाज निवडला. त्याच्या मते देवाला देह नाही, मग तो पायी कसा फिरेल? म्हणजे इथे निवाडा श्रद्धेने केला, आणि वाचणाऱ्याने तो तसाच ओळखावा.

मराठीत हा प्रश्न तसा जुनाच. जॉन विल्सन यांनी 1832 साली बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण दिले, दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण येण्याच्या चार वर्षे आधी. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध केले आणि 1922 साली त्या गेल्या. शास्त्र्यांच्या घरात संस्कृत शिकलेल्या त्या बाईंना प्रधान पदाचा विचार नवा नव्हता. पण ‘भावाच्या रक्ताचा आवाज’ लिहिले, की ‘चा’ आवाजाचे लिंग-वचन घेतो आणि क्रियापदही आवाजाला बांधले जाते. त्यात ‘रक्त’ आपल्याकडे एकवचनीच वापरतात, म्हणजे मुळातली खूणच पुसली जाते.

अर्थात मराठीलाही वजन हलवता येते. धाराशिवच्या मोंढ्यात अवकाळी पाऊस आला, तर ‘सोयाबीनचा ढीग भिजला’ असेही म्हणतात आणि ‘ढीगभर सोयाबीन भिजलं’ असेही. नुकसान एकच, पण पहिल्यात क्रियापद ढिगाला लागले आणि दुसऱ्यात मालाला. मराठीला त्यासाठी रचना बदलावी लागते. हिब्रूची रचना तशीच राहते आणि फक्त क्रियापदाचे लिंग-वचन फिरते. म्हणून मराठीत आणणाऱ्याने नामांचा क्रम उलटून थांबू नये. मुळात क्रिया कोणाला लागली आहे ते आधी शोधावे, आणि तेच नाम मराठी वाक्याचा कर्ता होईल अशी नवी मांडणी करावी. काइनच्या बाबतीत तो कर्ता रक्त आहे.