नोटिशीतल्या घराचा फोटो

भाड्याचं घर सोडायची नोटीस दिली की माणूस एका चमत्कारिक अवस्थेत जाऊन पडतो. घर अजून त्याचं असतं, कारण चालू महिन्याचं भाडं त्यानं मोजलेलं असतं. आणि घर त्याचं नसतंही, कारण पुढच्या एक तारखेपासून त्याच खिडकीत उभं राहून दुसरंच कोणीतरी पाऊस बघणार असतं. पंचांगातल्या अधिक महिन्यासारखा हा काळ. नवा खिळा ठोकता येत नाही, नवं काही ठरवता येत नाही, दिवस मात्र मोजून तीस भरावे लागतात.

नेमक्या याच काळात मालकांची एक साधीशी विनंती येते. आमच्या मालकांचीही आली. "अहो, घराचे चार फोटो आणि छोटासा व्हिडिओ काढून घ्यावा म्हणतो. नव्या जाहिरातीत टाकायचाय. तुमची काही हरकत नाही ना?"

आता यात त्यांचं काय चुकलं? आमचं भाडं पंचवीस हजार. आम्ही गेल्यावर घर पंधरा दिवस जरी रिकामं राहिलं, तर साडेबारा हजार बुडाले, आणि सोसायटीचा मेंटेनन्स काही रिकाम्या घराची कीव करत नाही. फोटोशिवाय जाहिरात म्हणजे पत्रिकेशिवाय स्थळ, हल्ली कोणी ढुंकून बघत नाही. शिवाय घर त्यांचं आहे. स्वतःच्या भिंतीचा फोटो काढायला माणसानं परवानगी मागावी, हाच खरं तर त्यांचा चांगुलपणा.

पण घोळ भिंतीपाशीच आहे. भिंत त्यांची, भिंतीवरचं कॅलेंडर आमचं. ओटा त्यांचा, ओट्यावरचा कुकर आमचा. कायद्याला हा फरक कळतो, कॅमेऱ्याला कळत नाही. तो दोन्ही एकाच फोटोत घेतो.

मी बँकेत नोकरी करत असल्यामुळे मला अशा वेळी लॉकर आठवतो. लॉकर बँकेचा, खोली बँकेची, जाडजूड दारही बँकेचं. तरी आत काय आहे ते बँकेला ठाऊक नसतं, आणि असू नये अशीच रचना असते. एक किल्ली आमची, एक गिऱ्हाइकाची. दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. उद्या एखाद्यानं लॉकर सोडतो म्हणून कळवलं आणि आमच्या मॅनेजरसाहेबांनी, 'पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायचाय, जरा उघडा, आतल्या दागिन्यांसकट फोटो घेतो,' असं म्हटलं, तर काय होईल? घराला मात्र आपण हा न्याय लावत नाही, कारण घराचं दार दुधवाल्यापासून सगळ्यांनाच उघडावं लागतं.

मी करारनामा काढून वाचला. अकरा महिन्यांच्या करारनाम्याचं भाग्य असं की तो सही करताना कोणी वाचत नाही आणि घर सोडताना पाठ करतो. आपल्याकडे ज्याला आपण भाडं म्हणतो ते बहुतेक वेळा 'लीव्ह अँड लायसन्स' असतं, आणि लायसन्सची व्याख्या १८८२ सालच्या सुविधाधिकार कायद्यात आहे. तिचा मथितार्थ असा की घरात तुमचा काहीही हक्क निर्माण होत नाही, तुम्हाला फक्त राहायची परवानगी असते. म्हणजे आम्ही भाडेकरूसुद्धा नव्हतो, परवानगीनं स्वयंपाक करणारी माणसं होतो! पूर्वसूचना देऊन, योग्य वेळी येऊन मालकांना घर पाहता येईल, असंही कलम होतं. फोटोबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं.

आणि पाहणं नि फोटो काढणं या दोन गोष्टी एक नाहीत. पाहायला आलेला माणूस फ्रिजवरच्या गोळ्यांच्या पट्ट्या बघतो आणि जिना उतरेपर्यंत विसरतो. फोटो विसरत नाही. तो एजंटाच्या फोनवरून दहा ग्रुपांवर जातो आणि तिथून परत बोलावता येत नाही. मग घरात कोणाला साखर आहे, टीव्ही केवढा आहे, देव्हाऱ्यात चांदी किती, मागच्या बाल्कनीला जाळी आहे की नाही, ही सगळी माहिती जाहिरातीसोबत फुकट मिळते. व्हिडिओ दारावरच्या पाटीपासून सुरू झाला तर आडनावासकट.

मग सरळ नाही म्हणावं? तिथे दुसरी अडचण. आमचं पंचाहत्तर हजार डिपॉझिट मालकांकडे होतं. तारण दुसऱ्याच्या तिजोरीत असलेला माणूस 'हरकत नाही' म्हणतो, तेव्हा त्यातली हरकत किती आणि तारण किती, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. ज्याच्या हातात आपला पैसा आहे त्यानं विचारलं की विनंतीलासुद्धा वजन येतं. म्हणून मला वाटतं, विचारणाऱ्यानंच 'नाही म्हणालात तरी डिपॉझिटचा याच्याशी संबंध नाही' हे एक वाक्य जोडावं. वाक्याला खर्च नाही. आणि भाडेकरूनंही नुसता पसाऱ्याचा बाऊ करून दुसऱ्याचे साडेबारा हजार बुडवू नयेत.

सौ.नं यातून वाट काढली. ती मालकांना म्हणाली, "काका, आम्ही राहायला यायच्या आधीचे रिकाम्या घराचे फोटो असतील ना तुमच्याकडे?" असते तर प्रश्नच मिटला असता. पण ते जुन्या फोनबरोबर गेले होते. मग ठरलं ते असं: रविवारी सकाळी अकरा वाजता, एकच तास. कपाटं बंद राहतील. पाटी, पत्रं, औषधं, देव्हारा आणि माणसं फोटोत येणार नाहीत. व्हिडिओ दाराच्या आतून सुरू होईल. आणि काढलेलं सगळं आम्ही बघितल्याशिवाय पुढे जाणार नाही.

शेवटची अट कामाला आली. पहिल्या व्हिडिओत बेडरूमच्या आरशात केरसुणी घेतलेली सौ. स्पष्ट दिसत होती, आणि खिडकीतून समोरच्या शाळेचा फलक. एवढ्यावर कोणीही पत्ता शोधत दारात आलं असतं. तो भाग परत काढला.

अडलं ते एकाच ठिकाणी. हॉलमध्ये माझ्या वडिलांचा फोटो आहे, चंदनाच्या हाराचा. एजंटाचा पोरगा म्हणाला, "साहेब, तेवढा उतरवता का? गिऱ्हाईक बिचकतं."

गिऱ्हाईक बिचकत असेलही. पण घर आमचं असेपर्यंत वडिलांनी कुठे राहायचं, हे पुढच्या भाडेकरूच्या सोयीनं ठरवायचं का? मी काही बोलायच्या आत मालकच म्हणाले, "राहू दे रे. त्या भिंतीचा फोटोच घेऊ नकोस. भिंत कोण भाड्यानं घेतंय?" करारनाम्यात नसलेलं कलम असं तोंडी आलं, आणि मला ते नोंदवलेल्या सगळ्या कलमांपेक्षा पक्कं वाटलं.

चार दिवसांनी जाहिरात आली. 'प्रशस्त, हवेशीर, भरपूर उजेड.' एवढी वर्षं आम्ही प्रशस्त जागेत राहत होतो, याचा आम्हाला पत्ताच नव्हता. फोटो आम्ही दोनदा बघितले, बारकाईनं. आमचं म्हणून त्यात काहीही नव्हतं. आम्ही मागितलं होतं तेच, अगदी शब्दशः मिळालं होतं. तरी सौ.नं फोन माझ्याकडे परत देताना जरा वेळ लावला.