पाचाच्या पटीत पडणारे गुण

शंभरेक उत्तरपत्रिकांचे गुण एका कागदावर उतरवून त्यांचा फक्त शेवटचा अंक पाहिला, तर ० ते ९ हे दहाही अंक साधारण सारखेच यायला हवेत. म्हणजे ० किंवा ५ वर संपणारे गुण एकंदरीच्या पाचव्या भागाइतके. प्रत्यक्षात कित्येक गुणतक्त्यांत ४०, ४५, ५० या आकड्यांवर गर्दी दिसते आणि ३९, ४१, ४४, ४६ ओस पडलेले असतात. विद्यार्थ्यांची तयारी पाचापाचाच्या टप्प्यांनी वाढत नाही. ही गर्दी तपासणाऱ्याच्या हातातून येते.

लोकसंख्याशास्त्रात ही गोष्ट जुनी आहे. जनगणनेत वय विचारले की जन्मतारीख नोंदलेली नसलेला माणूस साठ सांगतो, पन्नास सांगतो, एकोणसाठ क्वचितच. भारताच्या जनगणनांमध्ये अशी वयांची गर्दी वारंवार आढळली आहे. ती मोजण्यासाठी व्हिपल निर्देशांक वापरतात. त्यात २३ ते ६२ या वयांतली ० आणि ५ वर संपणारी माणसे मोजून त्या संख्येला पाचाने गुणायचे, त्या वयोगटातल्या एकूण माणसांनी भागायचे आणि उत्तर शंभरपट करायचे. १०० आले तर गर्दी नाही. ५०० आले तर प्रत्येकाने पाचाच्या पटीतच वय सांगितले. हेच गणित गुणांना जसेच्या तसे लागू पडते.

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या माध्यमिक शाळेतला नववीचा मराठीचा ८० गुणांचा लेखी पेपर घेऊ. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. ३० ते ६९ गुणांच्या दरम्यान १५० उत्तरपत्रिका आहेत. या चाळीस आकड्यांत पाचाच्या पटी आठ, म्हणून त्यांच्यावर तीसेक उत्तरपत्रिका अपेक्षित. मोजल्यावर ६६ निघाल्या, म्हणजे निर्देशांक २२०. निव्वळ योगायोगाने ३० च्या जागी २२ किंवा ३८ येऊ शकतात, ६६ नाही. मात्र ४० उत्तरपत्रिकांच्या एकाच तुकडीवर असा निष्कर्ष काढू नये. तिथे अपेक्षा आठाची असते आणि बारा-तेरा सहज निघू शकतात.

निर्देशांकापेक्षा अधिक सांगतो तो गर्दीचा आकार. याच पेपरात ३८ गुण दोघांना, ३९ एकाला, ४० तेराजणांना, ४१ एकाला आणि ४२ तिघांना आहेत. पाच आकड्यांवर मिळून वीस मुले, म्हणजे सरासरी चार. ४० च्या दोन्ही बाजूंना खड्डा आहे आणि तो सर्वांत जवळच्या आकड्यांवर अधिक खोल आहे. ३९ ला एक वाढवून आणि ४१ चा एक कापून तपासणारा ४० वर आला, हाच त्याचा सरळ अर्थ. खड्डा फक्त खालच्या बाजूला असता, म्हणजे ३८-३९ रिकामे पण ४१-४२ नेहमीइतके भरलेले असते, तर कारण वेगळे ठरले असते: कुणीतरी मुलांना एका सीमेच्या वर ढकलले.

महाराष्ट्रात हा फरक मुद्दाम तपासावा लागतो. उत्तीर्ण होण्यासाठी ३५, द्वितीय श्रेणी ४५ ला, प्रथम श्रेणी ६० ला, विशेष प्रावीण्य ७५ ला; आपल्या सगळ्या सीमा पाचाच्याच पटीत बसवलेल्या आहेत. त्यामुळे शंभरापैकी गुणांच्या यादीत ३५ वर ढीग दिसला, तर त्यामागे सवलतीचे गुण असू शकतात, दया असू शकते, सैल हातही असू शकतो. पोलंडच्या शालान्त परीक्षेत पोलिश भाषेच्या गुणांचा आलेख ३० टक्क्यांच्या उत्तीर्ण रेषेखाली अचानक खचतो आणि रेषेवर उसळतो. तो दयेचा नमुना. तपासणीची ढिलाई शोधायची तर ४०, ५०, ५५, ६५ असे, ज्यांच्यावर काहीच अवलंबून नाही ते आकडे पाहावेत. किंवा वरच्यासारखा ८० चा लेखी पेपर घ्यावा. तोंडी वा अंतर्गत २० गुण मिळवल्यावरच निकाल ठरत असल्याने लेखीतल्या ३५ किंवा ४० ला स्वतःचे मोल नसते. तरीही तिथे गर्दी दिसली, तर ती सवयीची.

ही सवय लागते कशी, याचे उत्तर बेरजेत आहे. प्रश्नवार गुण खरोखर वेगवेगळे दिले, कुठे दोन, कुठे साडेतीन, तर पंधरा-वीस तुकड्यांची बेरीज पाचाच्या पटीत येण्याला काही कारण उरत नाही. एखाद्या प्रश्नात तपासणारा गोल आकड्याकडे झुकला, तरी बाकीच्या बेरजेत ते विरून जाते. म्हणून एकूण गुणांत गर्दी टिकून असेल, तर बहुधा एकूण आकडा आधी ठरला आणि प्रश्नवार फोड नंतर झाली. अक्षर, पानांची संख्या, पहिला परिच्छेद पाहून ‘हा पन्नासचा’ असे मनात बसते आणि निबंधाचे गुण त्या हिशेबाने पडतात. गणितात पायरीपायरीला गुण असतात, म्हणून त्याच शाळेतल्या गणिताच्या यादीत गर्दी सहसा नसते. अपवादही ध्यानात ठेवावा: प्रत्येक प्रश्न पाच गुणांचा आणि उत्तर पूर्ण बरोबर किंवा पूर्ण चूक असेच असेल, तर पाचाच्या पटी आपोआपच येतील. आधी प्रश्नपत्रिकेची गुणविभागणी पाहावी, मग माणसाला दोष द्यावा.

अशा तपासणीची मोजपट्टी एकाची नसून पाचाची असते. गुण जवळच्या पाचाच्या पटीवर नेले, तर प्रत्येक मुलामागे सरासरी १.२ गुणांची चूक होते. ही किरकोळ वाटेल. पण ४२ च्या लायकीचा मुलगा ४० वर येतो आणि ४३ चा ४५ वर जातो. एका गुणाचे अंतर पाचाचे होते. गुणवत्ता यादीतले क्रम याच अंतरांवर ठरतात. गर्दीवरून तपासणी उदार की कडक हे मात्र कळत नाही, ती जाड आहे एवढेच कळते.

खात्री करायची तर उत्तरपत्रिका उघडाव्या लागतात. नेमके ४० गुण असलेले गठ्ठ्यातले पेपर निवडून, आधीचे गुण झाकून, नमुना उत्तरांप्रमाणे दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत. नवे गुण ३७ पासून ४३ पर्यंत पसरले, तर शंका खरी. पहिल्या पानावरचा प्रश्नवार तक्ताही बोलका असतो: शेवटी तपासलेल्या प्रश्नाचे गुण दरवेळी बेरीज पाचाला नेऊन पोचवणारे असतील किंवा खाडाखोड नेमकी तिथेच असेल, तर वेगळा पुरावा नको. मंडळाच्या व्यवस्थेत परीक्षकावर नियामक आणि त्याच्यावर मुख्य नियामक असतो. नियामकाने पाहायचे नमुने सरसकट न काढता अशा आकड्यांवरून काढले, तर तेवढ्याच वेळात जास्त सापडेल. परीक्षकनिहाय यादी मात्र हवीच. सगळ्यांचे गुण एकत्र केले, की एकाची गर्दी दहाजणांत बुडते.

उलट, सगळ्या विषयांत आणि देशभर एकच विचित्र नमुना दिसला, तर तो कुणा एका तपासनिसाचा नसतो. २०१३ साली अमेरिकेत शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने आयसीएसई आणि आयएससीचे निकाल संगणकावर उतरवून घेतले, तेव्हा काही ठरावीक गुण कुणालाच मिळालेले नाहीत असे दिसले. विषय बदलला तरी हे रिकामे आकडे तेच राहतात, तेव्हा शोध परीक्षकाच्या टेबलापेक्षा गुण जुळवण्याच्या मध्यवर्ती प्रक्रियेत घ्यावा लागतो.

या कसोटीला न सापडणारी ढिलाईही आहे. अंतर्गत २० गुणांत सगळ्यांना १८-१९ वाटले, तर शेवटच्या अंकाचा हिशेब गप्प राहतो. इतक्या अरुंद पट्टीत त्याला कामच नसते. तिथे लेखी आणि अंतर्गत गुणांची तुलनाच करावी लागते. शिवाय निर्देशांक पाहिला जातो हे कळले, की मनाने गुण देणारा ४० च्या जागी ४१ आणि ४५ च्या जागी ४७ लिहू लागतो. मग ० आणि ५ वर संपणाऱ्या गुणांचा वाटा पाचव्या भागाच्याही बराच खाली जातो. निर्देशांक १०० च्या पुष्कळ खाली, ६० किंवा ५० वर आलेला गठ्ठाही म्हणूनच २२० वाल्याइतक्याच तातडीने उघडावा.