गाडीच्या किलोमीटरवर बेतलेली यात्रा

धर्माबादेहून म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन निघणाऱ्या दहा दिवसांच्या यात्रेचा कागद घरोघरी जवळजवळ सारखाच असतो. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर, कोल्हापूर, जेजुरी, आळंदी, शिर्डी, शिंगणापूर, त्र्यंबकेश्वर, वेरूळ. दहा दिवसांत अकरा ठिकाणं, रोज नवी लॉज, रोज पहाटे चारला गार फरशीवर अंघोळ. कागद मुलाने केलेला असतो. आई-वडिलांना तो वाचून दाखवतात, पण विचारत कुणी नाही. परत आल्यावर गल्लीत सांगायला मात्र छान असतो: "माय-बापाला सगळे देव दाखवले."

या धावपळीला लोक भक्ती म्हणतात. मला त्यात हिशेब दिसतो, आणि तोही गाडीवाल्याचा. बाहेरगावी जाणारी भाड्याची गाडी बहुतेक ठिकाणी रोजच्या किमान 250 ते 300 किलोमीटरच्या बोलीवर ठरते. गाडी तेवढी पळो वा न पळो, पैसे तेवढे द्यायचेच, वर ड्रायव्हरचा बत्ता. मग एखाद्या गावी दिवसभर थांबायचं म्हटलं की मुलाच्या पोटात गोळा येतो. उभ्या गाडीचे पैसे कशाला भरायचे? त्यापेक्षा अजून एक देव करून घेऊ. विश्रांतीचा दिवस कागदावरून जातो तो इथे. वडिलांच्या गुडघ्यांचा विचार होण्याआधीच वसुलीचा झालेला असतो.

जुन्या यात्रेत असं नव्हतं. माउलींची पालखी आळंदी ते पंढरपूर हे साधारण अडीचशे किलोमीटरचं अंतर अडीच आठवड्यांच्या आसपास चालते. पुण्यात दोन रात्री, दिवेघाट चढून गेल्यावर सासवडला पुन्हा दोन रात्री, आणि रोजच्या वाटेत ठरलेले विसावे. घाटानंतर थांबायचं हे ज्यांनी ठरवलं त्यांना माणसाच्या पायांची जाण होती. गाडगेबाबांनीही पंढरपूर, आळंदी, नाशिकला देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. दमून आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा हवी, ही यात्रेतली पहिली गरज त्यांनी ओळखली होती. आपण चाकं आणली आणि मुक्काम काढून टाकला.

याच रस्त्यावरचा एक वेगळा बेत मांडतो. घरात सत्तरी ओलांडलेले दोघे आहेत, आईला गुडघेदुखी आणि साखर, वडिलांना रक्तदाब, असं धरू. दिवस दिवाळीनंतरच्या थंडीतले निवडायचे, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा बेत करूच नये. नियम दोनच. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त चाकावर बसायचं नाही, आणि प्रवासाच्या दिवशी दर्शन करायचं नाही. शेवटच्या दिवशी पहिला नियम थोडा वाकतो, ते पुढे येईल.

पहिल्या दिवशी फक्त नांदेड, ऐंशीएक किलोमीटर. मराठवाडा एक्स्प्रेस धर्माबादेहूनच सुटते, त्यामुळे चढायला धक्काबुक्की नाही, पण ती भल्या पहाटे निघते आणि तिच्यासाठी म्हाताऱ्यांची अख्खी रात्र मोडते. त्यापेक्षा नाश्ता, संडास-बाथरूम सगळं घरी आटोपून नऊ वाजता निघावं. दुसऱ्या दिवशी नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, साधारण 140 किलोमीटर. तिसऱ्या दिवशी औशावरून तुळजापूर, ऐंशीच्या आत. दुपारी जेवून झोपायचं. देऊळ हाकेच्या अंतरावर असलं तरी जायचं नाही. इथे वडील रागावतील, रागावू द्यावं.

चौथ्या दिवशी सकाळी दर्शन. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा सोडून जावं, ही साधी गोष्ट तारीख ठरवतानाच पाहायची असते. तिथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. भवानीच्या देवळात चढून जायचं नसतं, उतरून जायचं असतं. महाद्वारातून कल्लोळ, गोमुख तीर्थाकडे पायऱ्या खाली जातात. जाताना आई झपझप उतरते, उत्साह असतो, आणि मुलाला वाटतं, हिला तर काहीच त्रास नाही. झिजलेल्या गुडघ्यावर उतरतानाच भार जास्त पडतो, दुखणं मात्र संध्याकाळी कळतं. आणि दम लागायची चढण येते ती दर्शन झाल्यावर, रांगेत तास-दोन तास उभं राहून झाल्यावर.

त्यात आई उपाशी असते. दर्शनाआधी तोंडात काही घालायचं नाही हा तिचा नेम, आणि साखरेची गोळी मात्र सकाळी न चुकता घेतलेली, कारण डॉक्टरांनी चुकवू नका म्हणून सांगितलेलं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन पोटात अन्न गेलं नाही की साखर घसरते. आधी हात थरथरतात, कपाळाला घाम येतो, मग बोलणं असंबद्ध होतं. रांगेतल्या बायका म्हणतात, अंगात आलं. अंगात काही आलेलं नसतं, साखर उतरलेली असते. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावं, बरं वाटल्यावर पोळी-भात द्यावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा. खरा उपाय मात्र आदल्या रात्री करायचा असतो. आईला सांगायचं की उपाशी जायचं असेल तर सकाळची गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवू, नाहीतर दोन घास खाऊन जाऊ. नेम मोडायला कुणी सांगत नाही. पण आईला चक्कर आणणारा नेम पाळल्याचं समाधान मुलाने मानू नये.

दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळपर्यंत सोलापूर, पंचेचाळीस किलोमीटर. एवढ्यापुरता दुसरा नियम मोडतो, पण रस्ता तासाभराचा आहे आणि त्यामुळे पुढच्या तीन रात्री एकाच खोलीत जातात. हे मी मुद्दाम केलंय. रोज नवी खोली म्हणजे रोज नवा संडास, नवा उंबरठा, दिव्याचं बटण नव्या ठिकाणी. म्हातारी माणसं रात्री दोन-तीनदा उठतात आणि पडतात ती याच अंधारात. एकाच खोलीत दुसऱ्या रात्री पायाला वाट माहीत झालेली असते. खोली घेताना देवळापासूनचं अंतर विचारण्याआधी तळमजला आहे का आणि कमोड आहे का, हे विचारावं. गाडी सोलापुरात सोडून द्यावी. पुढे लागेल तशी तिथलीच गाडी करावी, म्हणजे उभ्या गाडीचे पैसे मनाला कुरतडत नाहीत.

पाचवा दिवस रिकामा. रिकामा म्हणजे रिकामा. "जवळच आहे, सिद्धेश्वर करून येऊ" हेही नाही, आई-वडील स्वतःहून म्हणाले तर गोष्ट वेगळी. दुपारी पाय पाहावेत. दोन्ही पावलांना सारखी सूज असेल आणि पाय उशीवर ठेवून झोपल्यावर सकाळी उतरली असेल, तर ती बहुधा बसून आलेली. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. बराच वेळ बसून शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि तसल्या पायाला तेल लावून रगडणं धोक्याचं.

सहावा दिवस राखीव. सगळं ठीक असेल तर अक्कलकोट, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर; दुसरा नियम इथेही वाकतो. कुणाचं पोट बिघडलं, झोप झाली नाही, तर अक्कलकोट नाही. कागदावर तो दिवस "राखीव" असाच लिहावा. अक्कलकोट लिहिलं की रद्द करताना हरल्यासारखं वाटतं. राखीव लिहून गेलो तर ती वरकमाई होते.

सातव्या दिवशी पंढरपूर, पंचाहत्तर किलोमीटर, आणि मुक्काम. आठव्या दिवशी दर्शन. महिन्याच्या दोन्ही एकादश्या टाळल्या असतील तरी पदस्पर्शाची रांग काही तासांची असू शकते. मुखदर्शन त्यामानाने लवकर होतं. कोणतं करायचं ते आईने ठरवावं, आणि ठरवण्याआधी रांग किती तासांची आहे हे तिला खरं सांगावं. दोन तास उभं राहायला तिची तयारी असेल तर मुलाने पिशवीत पाणी, साखरेची पुडी आणि घडीचं स्टूल घेऊन मागे उभं राहावं. चंद्रभागेच्या घाटावर शेवाळलेल्या पायरीवर मात्र तिला एकटी सोडू नये.

या बेतावर सूनबाईचा एक आक्षेप असतो, आणि तो खरा आहे. रिकाम्या दिवशी राबतं कोण? लॉजच्या खोलीत सासूची पथ्याची भाकरी, सासऱ्यांची गोळ्यांची डबी, मुलांची भांडणं, सगळं तिच्यावर. म्हणून विश्रांतीच्या दिवसाचं काम आधी वाटून द्यावं. गोळ्या मुलाकडे, जेवण खानावळीचं.

बायकांच्या पाण्याचंही तसंच. "माय, पाणी जरा कमीच पी, गाडी सारखी थांबवायला येईना," हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक गाडीत ऐकू येतं. आई ऐकते. लघवीची गोळी असेल तर ती स्वतःच बंद करते, सांगत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी जळजळ सुरू होते, ताप येतो, संध्याकाळी ती भलतंच बोलू लागते, आणि घरचे म्हणतात, वय झालं. काल सकाळपर्यंत शहाणी असलेली बाई रात्रीत वेडी होत नाही. अंगातलं पाणी, साखर आणि लघवी तपासायला न्यावं. गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी मुक्कामी पोचल्यानंतरची करता येईल का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि दर दीड तासाला गाडी थांबवावी. स्वच्छ संडास असलेला पेट्रोलपंप कुठे आहे ते ड्रायव्हरला ठाऊक असतं, फक्त विचारावं लागतं.

नवव्या दिवशी बार्शीवरून लातूर, 190 किलोमीटरच्या आसपास. या बेतातल्या चाकावरच्या दोन मोठ्या दिवसांपैकी हा पहिला, म्हणून त्या दिवशी दुसरं काही नाही. दहाव्या दिवशी धर्माबाद. एकूण 220 किलोमीटर, म्हणजे चार तासांच्या थोडं वर जातं. त्यासाठी नांदेडला पाहुण्यांकडे जेवण आणि दोन तास आडवं होणं.

दहा दिवसांत दोन देव, जमलं तर तिसरा. हा कागद पाहून शेजारी हसतील, आणि चुलते म्हणतील, एवढे पैसे घालून एवढंच? त्यांना उत्तर द्यायची गरज नाही. उत्तर आई-वडिलांकडून घ्यायचं आहे, तेही निघण्याआधी. कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवून विचारावं: कुठला देव राहिला तर चुटपुट लागेल? बहुतेक वेळा एक किंवा दोनच नावं येतात. एखादी म्हातारी देवाचं नावही घेत नाही, लातूरला दिलेल्या बहिणीकडे दोन दिवस राहायचं म्हणते. मग दुसरी रात्र तिथे, तिसरीही तिथेच, आणि अक्कलकोट सरळ काढून टाकावं.

रजा अकरा दिवसांची टाकावी. अकराव्या दिवशी मुलगा दुकानावर किंवा कचेरीत जाणार असला, तर परतीचा एक दिवस चुकल्यावर सगळी घाई पुन्हा गाडीत शिरते आणि ड्रायव्हरला रात्री गाडी चालवायला लावली जाते.