‘डोक्याला मार’ म्हणजे नेमका कुठे?

हे प्रमाणपत्र तुझंच ना? सही तर तुझीच दिसते, मोठी, झोकदार. सहीला दिलीस तेवढी जागा जखमांना दिली असतीस, तर तुला बोलावलं नसतं.

वाच, मोठ्यानं वाच. ‘डोक्यावर सीएलडब्ल्यू, ५ बाय १. पाठीवर मार. पाठीवर खरचटलेले. सर्व जखमा ताज्या, २४ तासांच्या आतील.’ झालं? एका माणसाला काठीनं बडवलंय, पाय धरून फरफटवलंय, आणि तुझ्याकडे त्याच्यासाठी अडीच ओळी?

वायव्हाला जागा, माप, आकार, दिशा, वय हा क्रम धडाधड म्हणून दाखवला होतास. मग कॅज्युअल्टीत आल्यावर काय झालं? विसरलास म्हणू नकोस. विसरला असतास तर शिकवलं असतं. तू टाळलंस.

डोकं म्हणजे कुठलं डोकं? भुवईच्या वरपासून मानेच्या वळणापर्यंत सगळं डोकंच असतं. डावं की उजवं, मधल्या रेषेपासून किती सेंटिमीटर, कानाच्या वर किती? हाडाच्या ठरलेल्या खुणेपासून अंतर लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कोऱ्या आकृतीवर नेमका तिथेच ठिपका देता यायला हवा. उद्या आरोपीचा वकील म्हणणार, हा पायऱ्यांवरून पडला. टोपीची कड जिथे बसते त्याच्या वरची जखम पडण्यापेक्षा मारामुळे झालेली असण्याची शक्यता जास्त. तो नुसता अंदाज आहे, पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. पण अंदाजापुरतीही जागा तू लिहिलेली नाहीस.

आता ‘५ बाय १’. काय ५? सेंटिमीटर की इंच? आणि खोली कुठे गेली? टाके घालण्याआधी केस काढून जखम धुतलीस, तेव्हा तळ दिसला असेलच. हाडापर्यंत होती, की त्वचेखालीच थांबली? शोधशलाका खुपसून खोली मोजायची नसते, जे डोळ्यांना दिसतं ते लिहायचं असतं. टाके पडल्यावर त्या मापाला काय अर्थ उरतो ते तूच सांग. टेप ट्रेमध्येच होती म्हणे. तिला हात लावायचे कष्ट नकोत, म्हणून डोळ्यांनीच मापं घेतलीस.

आणि सीएलडब्ल्यू कशावरून? टाळूची कातडी हाडावर ताणलेली असते. बोथट वस्तूनंही ती सरळ रेषेत फाटते आणि चाकूनं कापल्यासारखी दिसते. भिंग घेऊन कडा पाहायच्या. ठेचलेल्या, खरचटलेल्या कडा, जखमेच्या आत एका बाजूकडून दुसरीकडे गेलेले न तुटलेले धागे, चिरडलेले केस, हे दिसलं तर फाटलेली जखम. केस स्वच्छ कापलेले आणि कडा नितळ असतील, तर धारदार हत्यार. यावर भारतीय न्याय संहितेतलं कलम ठरतं. साध्या दुखापतीचं ११५ की धोकादायक हत्याराचं ११८? तुझ्या प्रमाणपत्रात तर कडांचा एक शब्द नाही. म्हणजे सीएलडब्ल्यू हे निदान नव्हतंच, हाताला लागलेली सवय होती.

पाठीकडे ये. ‘मार’ हे काय वर्णन आहे? तिथे दोन समांतर लाल-निळ्या रेघा आहेत, मध्ये फिकी पट्टी. मी स्वतः पाहून आलोय. काठीचा फटका बसला की खालचं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं आणि कडेच्या नसा फुटतात. म्हणून काठीच्या दोन्ही कडांशी रेघा उमटतात आणि मधली कातडी कोरी राहते. त्या दोन रेघांमधलं अंतर साधारण काठीच्या जाडीचं असतं. पोलिसांनी जी काठी जप्त केली, तिच्याशी पडताळायला तुझ्या प्रमाणपत्रात काय आहे? ‘मार’. डाव्या खांद्यापासून तिरकी खाली उजवीकडे, लांबी इतकी, रेघांमधलं अंतर इतकं, एवढंच लिहायचं होतं. दोन मिनिटांचं काम.

खरचटल्याचं तर सांगायलाच नको. उजव्या खवाट्यावर ओरखडे आहेत आणि त्यांच्या वरच्या टोकाला, म्हणजे डोक्याच्या बाजूला, सालपटं गोळा झालीत. घासणारी वस्तू जिकडे सरकते, तिकडे सालपटं साचतात. याला पायाला धरून ओढलं असेल, तर शरीर पायांकडे सरकलं आणि जमीन कातडीवरून डोक्याकडे घासत गेली. म्हणजे माणसाची हकीकत आणि पाठ, दोघं एकच सांगतायत. हातांना धरून ओढलं असतं तर सालपटं उलट बाजूला असती. त्याच्या बाजूनं बोलणारी ही एकच जखम, आणि तिचं तोंड तू बंद केलंस.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. ‘सर्व जखमा २४ तासांच्या आतील.’ हे वाक्य कुणाचं? पोलिसांच्या यादीत लिहिलं होतं, रात्री ९ वाजता मारहाण. तू तपासलंस सकाळी ११ ला. म्हणजे १४ तास. यादीतली वेळ वाचलीस आणि जखमांचं वय तिथूनच उतरवलंस. मग जखमा कशाला पाहिल्यास? कंबरेच्या उजव्या बाजूला एक वळ हिरवट आहे, कडांना पिवळा. पिवळेपणा १८ तासांच्या आत येत नाही, हिरवटपणाला तर काही दिवस लागतात. १४ तासांच्या माराला हा रंग येणारच नाही. तो वळ आधीचा आहे! नेमका किती दिवसांचा, ते रंगावरून सांगता येत नाही. वय, कातडीचा वर्ण, रक्त किती खोल साचलंय, सगळ्यानं फरक पडतो. पण ‘या घटनेच्या आधीचा असावा’ एवढं तर नक्की लिहिता आलं असतं.

याचा परिणाम कुणावर होणार, विचार केलास? उलटतपासणीत वकील तुला फक्त तो हिरवा वळ दाखवेल. विचारेल, डॉक्टर, हासुद्धा २४ तासांच्या आतला का? मग काय बोलणार? एक वळ खोटा ठरला की काठीच्या रेघा, डोक्याची जखम, सगळ्याच संशयात. खऱ्या जखमाही तुझ्यामुळे मातीत. शिवाय ओरखड्यांचं वय त्यांच्यावरच लिहिलेलं होतं. लस आणि रक्त वाळून तयार झालेली लाल, मऊ खपली १२ ते २४ तासांशी जुळते. पुराव्याचं आयतं ताट समोर होतं.

गर्दी होती म्हणतोस? चहाला खाली गेला होतास, ते सिस्टरनं न विचारताच सांगितलं. फॉर्ममध्ये जागा नाही म्हणतोस? पुरवणी कागद जोडायला बंदी कुणी केली? असल्या केसेस कोर्टापर्यंत जातच नाहीत, तडजोड होते, असंही पुटपुटलास मघाशी. म्हणजे नशिबावर हवाला ठेवून सही केलीस तर!

जुन्या प्रतीवर खाडाखोड करायची नाही. ती पोलिसांकडे गेली आहे आणि तिथली प्रत बदलणार नाही. माणूस अजून वॉर्डात आहे. काठीच्या रेघा कालच्यापेक्षा आज जास्त उठल्या असतील. टेप घे, भिंग घे, त्याची संमती घे. उजेडात उभा कर आणि प्रत्येक जखम स्वतंत्र क्रमांकानं लिही, नव्या तारखेनं, नव्या वेळेनं, फेरतपासणी म्हणून. डोक्याच्या सीटीचा रिपोर्ट येईपर्यंत ‘साधी’ हा शब्द लिहू नकोस, मत राखून ठेव. हाड मोडलेलं निघालं तर दुखापत कलम ११६ प्रमाणे गंभीर ठरेल. आता जा, आणि लिहिलेलं मला दाखवल्याशिवाय पोलिसांकडे पाठवू नकोस.