पूर्णविराम कुणाचा?

माझे बाबा वाशीम जिल्ह्यात शेती करतात आणि मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. त्यांना मोबाइलवर टाइप करायला आवडत नाही. बोटं जाड आहेत, की-बोर्डवरची अक्षरं बारीक, आणि जोडाक्षर आलं की ते वैतागतात. म्हणून मी त्यांना की-बोर्डवरचं माइकचं चिन्ह दाखवलं, भाषा मराठी करून दिली आणि सांगितलं, की बोला, ते आपोआप लिहिलं जाईल. तेव्हापासून ते बोलतात, उमटलेला मजकूर मला व्हॉट्सॲपवर पाठवतात, मी तो नीट करतो आणि त्यांच्या मेलवरून पाठवून देतो.

हे ‘नीट करणं’ म्हणजे काय, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलाच नव्हता. तो पडला 13 ऑक्टोबर 2022 च्या संध्याकाळी.

त्या वर्षी परतीच्या पावसानं सोयाबीन भिजवलं. पीकविम्याच्या तेव्हाच्या नियमांत दोन आकडे महत्त्वाचे होते. नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत कळवायचं, हा पहिला. दुसरा, पीक कापून शेतात वाळायला पसरवलं असेल, तर कापणीपासून 14 दिवसांपर्यंत अवकाळी पावसानं झालेलं नुकसान धरलं जायचं. उभ्या पिकात पाणी साचलं, तर ते वेगळ्या कारणाखाली जायचं. म्हणजे पीक उभं होतं की कापलेलं, कधी कापलं आणि पाऊस कधी आला, या तीन गोष्टींवर सगळं ठरणार होतं. बाबांनी मेलसाठी बोलून मला पाठवलेला मजकूर असा होता:

“नमस्कार साहेब माझा गट नंबर 214 बटा 2 आहे मी सोयाबीनचा फार्म भरला आहे नाल्याकडचं सांगितलं नाही वरचं सांगून ठेवलं होतं तीन दिवस झाले पाणी आलं सगळं भिजलं सर्वे झाला नाही क्लेम पाहिजे”

एकही विरामचिन्ह नाही. त्यांच्या फोनवर तोंडानं ‘पूर्णविराम’ म्हटलं, तर तोच शब्द वाक्यात लिहून येतो, म्हणून त्यांनी ते सोडून दिलंय.

सोप्या चुका मी आधी काढल्या. ‘बटा’ काढून 214/2 केलं, सातबाऱ्यावर असतं तसं. ‘फार्म’चं ‘फॉर्म’ केलं. ‘सर्वे’चं ‘सर्व्हे’ केलं, कारण ‘सर्वे’ वाचून कुणी ‘सर्व’ समजू नये. इथवर माझ्या मनात काही शंका नव्हती. बाबा जे बोलले ते फोननं चुकीचं ऐकलं होतं, मी ते परत जागेवर ठेवलं.

मग ‘सांगितलं नाही’. नाल्याकडचं काय सांगितलं नाही? दोन मिनिटं डोकं खाजवल्यावर उजेड पडला. आमच्याकडे सोयाबीन कापत नाहीत, सोंगतात. बाबा म्हणाले असणार ‘सोंगलं नाही’ आणि ‘सोंगून ठेवलं’. फोननं केलं ‘सांगितलं’ आणि ‘सांगून’.

हे का होतं, ते माझ्या धंद्यातलं आहे. आवाज ओळखणारी यंत्रणा नुसता आवाज ऐकत नाही. या आवाजाशी जुळणारे शब्द कोणते, हे ती बघते आणि त्यांपैकी शेजारच्या शब्दांच्या सोबतीनं जास्त वेळा येणारा कोणता, याचाही अंदाज बांधते. ‘सांगितलं नाही’ तिनं ढिगानं पाहिलेलं असतं. ‘सोंगलं नाही’ तिच्या वाचनात क्वचित आलेलं असणार. म्हणून जवळचा, ओळखीचा शब्द जिंकतो. याच कारणानं बाबा ‘पानी’ म्हणाले तरी ‘पाणी’ उमटतं आणि ‘दिस’ म्हणाले तरी ‘दिवस’. म्हणजे माझ्या हाती मजकूर येण्याआधीच बाबांची बोली कुणीतरी न विचारता प्रमाण करून टाकलेली असते.

मी ‘सोंगलं’च्या जागी ‘कापलं’ लिहिलं. ऑफिसातल्या माणसाला कळायला हवं ना! ‘क्लेम’चं ‘दावा’ केलं, ‘सर्व्हे’चं ‘पाहणी’ केलं. मेल शुद्ध दिसू लागला. आता फक्त पूर्णविराम द्यायचे होते.

“वरचं कापून ठेवलं होतं तीन दिवस झाले पाणी आलं सगळं भिजलं.”

पूर्णविराम ‘झाले’च्या पुढे दिला तर: वरचं कापून ठेवलं होतं तीन दिवस झाले. पाणी आलं, सगळं भिजलं. म्हणजे कापणीला तीन दिवस झाले होते, आणि पाऊस त्यानंतरचा, ताजा.

‘होतं’च्या पुढे दिला तर: वरचं कापून ठेवलं होतं. तीन दिवस झाले पाणी आलं, सगळं भिजलं. म्हणजे पाऊस येऊनच तीन दिवस झाले. तीन दिवस म्हणजे 72 तास. मुदत संपत आलेली, कदाचित संपलेली.

शब्द तेच, क्रम तोच. एक टिंब तीन शब्द अलीकडे-पलीकडे. बोलताना बाबांनी कुठेतरी श्वास घेतला असणार आणि त्या श्वासात अर्थ होता. पण फोननं मजकूर ठेवला, आवाज ठेवला नाही. परत ऐकायची सोय नव्हती.

मी पहिला पर्याय निवडला. खरं सांगायचं तर निवडला असंही म्हणता येणार नाही, बोट आपोआप तिकडे गेलं. तो सोयीचा होता. आणि वर मनात वाक्यही तयार होतं, की मी काहीच बदललेलं नाही, फक्त विरामचिन्हं दिलीयत.

‘पाठवा’ दाबण्याआधी मात्र थांबलो. हा मेल बाबांच्या नावानं जाणार होता. त्यात तारखेबद्दल एक विधान होतं आणि ते विधान बाबांनी केलेलं नव्हतं, मी केलं होतं. ते कदाचित खरं असेलही. पण मला ते माहीत नव्हतं.

आपल्याकडे विरामचिन्हं हा तसा नवा पाहुणा आहे. मोडीत लिहिलेल्या जुन्या पत्रांत ती नसायची. दोन शब्दांत जागाही सोडलेली नसायची. आजची चिन्हं मराठीत रुजली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीनं. मोडी वाचणारा वाक्य कुठे तुटतं हे स्वतः ठरवायचा, आणि ते आपण ठरवतोय याची त्याला जाणीव असायची. आता लिहिणाऱ्यानं टिंब देऊन टाकलं, की वाचणाऱ्याला वाटतं, हे ठरलेलंच आहे. टिंब कुणी दिलं, हे कागदावर दिसत नाही.

मी बाबांना फोन लावला. “बाबा, तीन दिवस कशाला झाले? सोंगायला की पाणी यायला?”

“पानी याले. सोमवारी रात्री आलं, धा वाजता. सोंगलं त दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.”

म्हणजे माझा पूर्णविराम खोटा होता.

सोमवारी रात्री दहापासून गुरुवारी संध्याकाळी सातपर्यंत मोजलं. 69 तास. मुदतीत होतो, तीन तास शिल्लक होते. दसरा त्या वर्षी 5 ऑक्टोबरला होता, म्हणजे सोंगणी 6 तारखेची. पाऊस 10 तारखेचा. चौदा दिवसांची अटही पाळली जात होती. खरं सांगूनही आमचं काही बिघडत नव्हतं. उलट माझा सोयीचा पूर्णविराम गेला असता, तर मेलमध्ये एक तारीख आणि शेतावर आलेल्या माणसाला बाबांनी सांगितलेली दुसरी, असा गोंधळ झाला असता आणि खोटं बोलल्याचा ठपका बाबांवर आला असता.

पण हिशोब जुळला म्हणून मी बरोबर ठरत नाही. समजा 75 तास झाले असते, तर? तेव्हाही विचारायलाच हवं होतं, आणि तेव्हा विचारणं खूप जड गेलं असतं. मुदत गेली असती तर पुढे काय करायचं, हे बाबांनी ठरवायचं होतं. त्यांच्या नकळत, एका टिंबाच्या आडून, मी नाही.

मग बाकीच्या दुरुस्त्यांकडेही परत पाहिलं. ‘सर्व्हे’चं ‘पाहणी’ केलं होतं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, “पाहनी झाली ना, तलाठी येऊन गेला. कंपनीचा सर्व्हे नाही झाला.” त्यांच्या बोलण्यात हे दोन वेगळे शब्द, दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मी इंग्रजी शब्द हटवून मराठी राखली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात न झालेली गोष्ट आणि झालेली गोष्ट एक करून टाकली होती. ‘क्लेम’ही परत आणला, कारण कंपनीच्या मेसेजात तोच शब्द होता आणि त्यांचा माणूस तोच शोधणार होता. अर्जाचा क्रमांक इंग्रजी अक्षर-आकड्यांत आला होता, तो तसाच चिकटवला.

‘सोंगून’ परत ठेवलं आणि पुढे ‘कापून’ जोडलं: सोंगून (कापून) पसरवून ठेवलं होतं. यालाही बाबांना विचारलं. ते हसले. “त्याइले समजत नसन त लिही.”

तेव्हापासून मी दुरुस्त्यांचे तीन ढीग करतो. फोननं चुकीचं ऐकलेलं मी न विचारता बदलतो, ते माझं कामच आहे. बोलण्यात होतं पण लिहिण्यात हरवलं, म्हणजे थांबा, प्रश्नाचा सूर, ‘नाही’ मागच्या वाक्याचं की पुढच्या, ते विचारल्याशिवाय भरत नाही. आणि ज्याची फक्त मला लाज वाटते, बोलीतला शब्द किंवा मधेच आलेलं इंग्रजी, त्याला हात लावत नाही. तिसरा ढीग ओळखणं सगळ्यात अवघड, कारण तो नेहमी पहिल्या ढिगाचे कपडे घालून येतो. ‘समोरच्याला कळावं म्हणून’ असं मी म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा समोरच्यानं मला हसू नये म्हणून ते असतं.

दुसऱ्या ढिगासाठी बाबांना एक सोपी सवय लावली. एक गोष्ट बोलून झाली, की माइक थांबवायचा, एंटर दाबायचं, मग पुढची गोष्ट. ‘पूर्णविराम’ म्हणायची गरज नाही. कुठे तोडायचं, ते आता त्यांच्या बोटावर असतं.

परवा विहिरीच्या मोटारीबद्दल त्यांचा मजकूर आला. सात ओळी, प्रत्येक ओळीत एक गोष्ट. तिसऱ्या ओळीत ‘मोटर जळली’चं ‘मोटर जुळली’ झालं होतं. तेवढं मी दुरुस्त केलं. ओळींच्या शेवटी सात पूर्णविराम टाकले. टिंबं माझी होती, जागा त्यांनी दिलेल्या.