आभाराच्या पत्रातील हिशेब

शिकून नोकरीला लागलेला भाऊ थोरल्या बहिणीला "ताई, तू शाळा सोडलीस म्हणून मी शिकलो" असे लिहितो, तेव्हा त्या एका वाक्यात दोन विधाने एकत्र बांधलेली असतात. पहिले विधान बहिणीच्या मनाच्या मोठेपणाविषयी आहे आणि त्याला पुराव्याची गरज नाही; दुसरे घराच्या अर्थव्यवहाराविषयी आहे, कारण एकीचे शिक्षण थांबल्यामुळे दुसऱ्याचे चालू राहिले असा कार्यकारणभाव त्यात गृहीत धरलेला असतो. हे दुसरे विधान सहसा कोणी तपासत नाही, आणि त्यामुळे अशी पत्रे प्रेमाने भरलेली असूनही बहिणीने नेमके काय दिले हे सांगण्यात अपुरी पडतात. रायगडच्या किनाऱ्यावरील, म्हणजे उरणपासून अलिबाग, रेवदंडा, मुरूडमार्गे श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यातील कोळीवाड्यांच्या संदर्भात हे विधान तपासून पाहिले, तर कृतज्ञतेला अधिक खरा आधार मिळतो.

"घरी पैसे नव्हते" हे अशा पत्रांतील नेहमीचे कारण अर्धेच खरे ठरते. महाराष्ट्रात मुलींचे शालेय शिक्षण १९८०च्या दशकापासून शुल्कमुक्त आहे, आणि अहिल्याबाई होळकर योजनेमुळे गावाबाहेरच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला एस.टी.चा पासही मोफत मिळतो. मुलीच्या शाळेचा खरा खर्च तिच्या वेळेचा होता. ज्याला अर्थशास्त्रात संधी-खर्च म्हणतात, म्हणजे एका कामाला वेळ दिल्यामुळे दुसऱ्या ज्या कामाला मुकावे लागते त्याचे मोल, तो कोळी घरात मुलीच्या बाबतीत फार चढा असतो, कारण मासेमारीचा समुद्रावरचा भाग पुरुषांकडे आणि किनाऱ्यावरचा जवळजवळ सगळा भाग बायकांकडे असतो. होड्या बंदराला लागल्या की मासळी निवडणे, लिलावात बोली लावणे, टोपल्या भरून अलिबाग किंवा पेणच्या बाजारात जाणे, रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला पोहोचणे ही आईची कामे असतात आणि ती पहाटे सुरू होतात. मग घरातले पाणी, स्वयंपाक, धाकट्यांची शाळा आणि उन्हात घातलेल्या जवळ्याची राखण हे सर्व थोरल्या मुलीकडे येते.

या कामाला ऋतू आहे, आणि शाळा सुटण्यालाही तोच ऋतू असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे जूनच्या मध्यावर शाळा भरते तेव्हा मुलगी नियमित येते. ऑगस्टात होड्या समुद्रात गेल्या की हजेरीपटावर तिच्या नावापुढे खाडे दिसू लागतात, आणि पाऊस ओसरून बोंबील, जवळा सुकवण्याचे दिवस आले की ते वाढतात. एक दिवस ठरवून शाळा सोडली, असे क्वचितच घडते. आधी सकाळचे तास बुडतात, मग आठवड्याचे दिवस, आणि शेवटी परीक्षा. शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतचे, शिवाय त्या इयत्तेपर्यंत कोणाला नापास करायचे नाही अशी तरतूद बराच काळ होती, म्हणून मागे पडलेली मुलगीही वरच्या वर्गात जात राहिली. नववीत, बहुधा दुसऱ्या गावच्या शाळेत, साठलेली सगळी तूट एकदम समोर आली. अशा वेळी "तिलाच अभ्यासाची आवड नव्हती" असे घरात बोलले जाते, आणि पुढे तिलाही ते खरे वाटू लागते.

समजा, २०११च्या सुमारास आठवीनंतर एका मुलीची शाळा थांबली आणि तिचा धाकटा भाऊ पुढे लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून अभियंता झाला. ही बहीण हंगामाचे आठ महिने, महिन्यातले पंचवीस दिवस, रोज केवळ चार तास घरचे काम करत होती असे धरले, तरी वर्षाचे ८०० तास होतात. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी ठरवलेले अध्यापनाचे किमान तास वर्षाला १,००० आहेत. म्हणजे तिच्याकडून घराने दरवर्षी जवळजवळ एका शालेय वर्षाइतका वेळ घेतला, आणि भावाला संध्याकाळी अभ्यासाला बसता यावे म्हणून जे काम कोणीतरी करायलाच हवे होते, ते त्या वेळात झाले. त्याच्या शुल्काचे पैसे आईच्या मासळीविक्रीतून आले असतील. पण आईला बाजारात जाता येत होते ते घर मुलीने सांभाळल्यामुळे. या साखळीतली बहिणीची कडी पैशाच्या रूपात कधी दिसत नाही, म्हणून ती हिशेबातून गळते.

अमर्त्य सेन यांनी १९९०च्या एका निबंधात कुटुंबातील नात्यांना 'सहकारी संघर्ष' म्हटले आहे. कुटुंबातली माणसे एकत्र राहून सर्वांचाच लाभ वाढवतात, पण त्या लाभाची वाटणी कशी व्हावी यावर त्यांचे हित एकमेकांच्या आड येते, असा त्याचा अर्थ आहे. वाटणीत कोणाला किती मिळते हे प्रत्यक्ष योगदानापेक्षा घरातल्यांना जाणवणाऱ्या योगदानावर अधिक ठरते, हे सेन यांचे निरीक्षण येथे नेमके लागू पडते. "तू त्याग केलास" हे वाक्य बहिणीला थोर ठरवते, पण तिचे काम काम म्हणून नोंदवत नाही, आणि निर्णय तिचा एकटीचा होता असे सुचवून आईवडील आणि लाभार्थी भाऊ या सर्वांना त्यातून मोकळे करते. वयाच्या चौदाव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाला स्वेच्छेचा त्याग म्हणणे न्याय्य नाही. "तुला विचारले नव्हते, आणि तुझ्या तासांवर मी शिकलो" असे लिहिणारा भाऊ अधिक अवघड पण अधिक खरे पत्र लिहितो.

असे पत्र लिहिल्यावर वागणुकीचा प्रश्न येतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क आहे, हे महाराष्ट्राने १९९४मध्ये अविवाहित मुलींपुरते, २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने सर्व मुलींसाठी आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात निःसंदिग्धपणे मान्य केले; तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला वाटा भावाच्या नावे सोडण्याच्या नोंदणीकृत दस्तावर, सही घेण्याची रीत चालू आहे. ज्या हाताने आभार लिहिले त्याच हाताने हा दस्त पुढे करणारा भाऊ तिच्याकडून दुसऱ्यांदा घेतो.

शिक्षणाची परतफेड मात्र शिक्षणातच करता येते, आणि तिचा मार्ग फार लोकांना वाटतो तितका बंद नाही. राज्य मंडळाच्या 'सतरा नंबरच्या फॉर्म'ने, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून, दहावीला बसण्यासाठी पाचवी उत्तीर्ण असणे आणि वयाची चौदा वर्षे पूर्ण होणे पुरते. मधल्या इयत्ता पुन्हा कराव्या लागत नाहीत. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, रायगड जिल्हा मुंबई विभागीय मंडळात येतो, आणि लागणारा मुख्य कागद म्हणजे शाळा सोडल्याचा मूळ दाखला. तो बहुतेकदा घरात हरवलेला असतो. तेव्हा जुन्या शाळेतून दुय्यम प्रत काढणे आणि प्रतिज्ञापत्र करणे हे काम भावाने स्वतः केल्यास पत्रातले शब्द कामाला लागतात. अभ्यासात गणित आणि इंग्रजी हे विषय सर्वाधिक अडवतात, कारण नेमक्या त्यांच्याच पायऱ्या खाड्यांच्या दिवसांत निसटलेल्या असतात, आणि अभियंता झालेल्या भावाला त्या शिकवता येतात. पण दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, म्हणजे खळ्यावर जवळा पसरलेला असण्याच्याच दिवसांत. बहीण आता सासरी असली तर तेथेही हेच काम तिच्या वाट्याला असते. म्हणून त्या दोन महिन्यांत तिच्या रोजच्या चार तासांचे काम कोण करणार, किंवा त्यासाठी मजुरीवर बाई ठेवायची तर तिचा रोज कोण देणार, हे पत्रात नावानिशी लिहिलेले असले पाहिजे.